चोपन्न हजार युरोंतून उरतात किती?

वर्षाला ५४,००० युरो. हा आकडा ऑफर लेटरमधून वाकडच्या किंवा चिंचवडच्या घरात पोहोचला की पुढच्याच मिनिटाला मोबाइलवर गुणाकार होतो. युरो शंभर रुपयांच्या घरात, म्हणजे चोपन्न लाख! संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘चोपन्न लाखांचं पॅकेज’ फिरू लागते आणि मुलाच्या लग्नाचा विषय आपोआप पुढे सरकतो. गुणाकारात चूक काहीच नसते. फक्त ते चोपन्न लाख त्या मुलाच्या हातात कधीच पडत नाहीत आणि त्यातले शिल्लक किती राहणार, याचा अंदाज त्या आकड्यावरून अजिबात बांधता येत नाही.

हा अंदाज कसा बांधायचा, ते पाहण्यासाठी जर्मनीतले स्टुटगार्ट हे शहर सोयीचे आहे. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश यांचे हे माहेरघर. मर्सिडीजचा कारखाना चाकणलाही आहे, त्यामुळे पुण्याच्या वाहन उद्योगातल्या अभियंत्यांना या शहराचे नाव नवे नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यामुळे आता हा हिशोब अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. नर्स, इलेक्ट्रिशियन आणि ड्रायव्हर यांच्या घरांतही तो मांडला जातो.

उदाहरणासाठी एक तिशीचा अविवाहित मेकॅनिकल अभियंता धरू. पुण्यात त्याला पीएफचा कंपनीचा वाटा सोडून वर्षाला १५ लाख रुपये पगार आहे. स्टुटगार्टची ऑफर ५४,००० युरोंची, म्हणजे महिना ४,५०० युरोंची. खालचे कर आणि कपातीचे दर २०२५ सालचे आहेत. ते दर जानेवारीत थोडेफार बदलतात. खर्चाचे आकडे मध्यम राहणीचे आहेत, उधळपट्टीचे नाहीत आणि उपासमारीचेही नाहीत.

या हिशोबाचा एक नियम आधीच ठरवून घ्यावा. पगार, कर, भाडे, किराणा हे सगळे युरोतच मांडायचे आणि रुपयांत बदलायची ती फक्त शेवटची ओळ, म्हणजे शिल्लक. कारण भारतात येणार असते ती शिल्लकच. घरभाडे युरोत मिळते आणि युरोतच जाते, मग रुपयाचा भाव ऐंशी असो वा एकशे दहा, त्या भाड्याला त्याचे सोयरसुतक नसते. हा नियम पाळला नाही तर दोन्ही बाजूंनी फसगत होते. पगाराला शंभराने गुणले की माणूस हरखतो आणि केस कापायच्या पंचवीस युरोंना शंभराने गुणले की हबकतो. पहिले सहा महिने आरशासमोर उभे राहून स्वतःच कात्री चालवणारी मुले स्टुटगार्टमध्ये कमी नाहीत.

आता पगारपत्रक. जर्मनीत करारात लिहिलेला पगार ‘ब्रुटो’ आणि खात्यात जमा होणारा ‘नेटो’. या दोहोंमधली दरी आपल्याकडच्यापेक्षा बरीच रुंद असते. आपल्याकडे नजर आयकरावर खिळलेली असते. तिथे आयकराच्या आधी सामाजिक विम्याच्या चार कपाती होतात. ४,५०० युरोंतून निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, म्हणजे ४१८ युरो ५० सेंट जातात. बेरोजगारी विम्याचे ५८ युरो ५० सेंट. आरोग्य विम्याचा कर्मचाऱ्याचा वाटा, विमा मंडळाची जादा आकारणी सरासरीने धरून, ३८४ युरो ७५ सेंट. चौथी कपात म्हातारपणी लागणाऱ्या शुश्रूषेच्या विम्याची, १०८ युरोंची. या चौथ्या कपातीत एक गंमत आहे. तेवीस वर्षांवरच्या निपुत्रिकाला ती ०.६ टक्के जास्त पडते. पुण्यात अविवाहिताला सोसायटीत घर मिळत नाही, जर्मनीत त्याला दंड भरावा लागतो, असे म्हणायला हरकत नाही.

चारही कपाती मिळून ९७० युरो झाले. त्यानंतर आयकर. अविवाहित माणूस कराच्या पहिल्या वर्गात मोडतो आणि त्याच्या ४,५०० युरोंवर महिना साधारण ६६३ युरो कर कापला जातो. आयकरासोबतचा ‘एकता अधिभार’ या उत्पन्नाला लागू होत नाही. चर्च-कर मात्र लागू शकतो. शहरात राहायला गेल्यावर पालिकेत नाव नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. तो नुसता कुतूहलापोटी नसतो. नोंदणीकृत चर्चचा सदस्य असल्याचे तिथे लिहिले गेले की बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या आठ टक्के रक्कम दर महिन्याला जाते. वसई किंवा गोव्याहून गेलेल्या कॅथलिक मुलांनी हा रकाना समजून-उमजून भरावा, कारण या पगारावर तो वर्षाला सहाशे युरोंहून जास्त रकमेचा प्रश्न आहे.

तर हातात आले २,८६७ युरो. वर्षाचे ३४,४०९. चोपन्न हजारांतले छत्तीस टक्के वाटेतच गेले. ही आकडेमोड हाताने करायची गरज नाही. ‘ब्रुटो-नेटो’ काढून देणारी गणकयंत्रे इंटरनेटवर भरपूर आहेत आणि केवळ आयकर तपासायचा असेल तर जर्मन अर्थ मंत्रालयाचे bmf-steuerrechner.de आहे. मात्र यंत्रात आकडा घालण्यापूर्वी कंपनीला एक विचारावे: वर्षाचा पगार बारा महिन्यांत विभागला आहे की तेरा? अनेक करारांत तेरावा पगार नाताळच्या आधी येतो. मग दरमहाचा पगार ४,५०० नसून ४,१५४ निघतो आणि महिन्याची ओढाताण कागदावर दिसली नव्हती तेवढी होते.

पुढची मोठी रक्कम घरभाड्याची. जर्मन जाहिरातीत दोन भाडी असतात. ‘काल्ट’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि ‘वार्म’ म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे धरून. हिशोबात घ्यायचे ते वार्म. स्टुटगार्ट हे जर्मनीतल्या महागड्या शहरांपैकी एक. छोट्या एका खोली-स्वयंपाकघराच्या घराला काल्ट ७५० आणि वार्म ९५० युरो धरले तर आपल्या अभियंत्याला जरा बाहेरच्या भागात, लोकल ट्रेनच्या रस्त्यावर घर मिळावे. वार्ममध्ये धरलेला हीटिंगचा पैसा अंदाजाने ठरवलेला आगाऊ हप्ता असतो. वर्षाअखेर घरमालक खरा हिशोब पाठवतो. ज्याने पहिल्या हिवाळ्यात पुण्याच्या सवयीने रेडिएटर पाचवर ठेवला आणि खिडकीही उघडी टाकली, त्याच्या हातात दोन-तीनशे युरोंचे जादा बिल पडते. घर बघायला जाल तेव्हा आधीच्या भाडेकरूचा वर्षाचा हिशोब मागावा. तो मागण्यात तिथे कोणाला वावगे वाटत नाही.

विजेचे बिल बहुधा वेगळे असते. वीज आणि इंटरनेट मिळून ८० युरो. रेडिओ-टीव्हीचा घरपट्टीसारखा सक्तीचा आकार १८ युरो ३६ सेंट. घरात टीव्ही नाही हे सांगून तो सुटत नाही, तो घराला लागतो. देशभरातल्या शहरी बस, ट्राम आणि लोकलसाठी चालणारे मासिक तिकीट २०२५ मध्ये ५८ युरोंना होते, २०२६ च्या जानेवारीपासून ते ६३ झाले. किराणा २८०. यात तूरडाळ आणि आशीर्वाद आट्याच्या पिशवीसाठी भारतीय दुकानाची फेरी आली. बाहेरचे खाणे-पिणे आणि मित्रमंडळी १५०. मोबाइल आणि आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरून देणारा छोटा विमा मिळून २०. कपडे, औषधे आणि किरकोळ ८०. युरोपात राहून युरोप न पाहणारा विरळाच, म्हणून फिरण्याचे १००. बेरीज १,७३६ युरो.

महिन्याची शिल्लक १,१३१ युरो, वर्षाची १३,५७२. यातून वर्षाला एक भारतवारी वजा करावी लागते, कारण ती टळत नाही. विमानाचे तिकीट आणि बॅगेतली चॉकलेटे मिळून १,२०० युरो धरू. उरले १२,३७२ युरो.

आता, आणि आता पहिल्यांदाच, रुपये. शंभराच्या भावाने १२ लाख ३७ हजार. चोपन्न लाखांचा प्रवास इथे येऊन थांबतो.

यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे ‘एवढेच?’ आणि दुसरी, ‘बारा लाख काय वाईट आहेत?’ दोन्ही अपुऱ्या, कारण हे बारा लाख शून्याशी ताडून पाहायचे नाहीत. तोच मुलगा पुण्यात राहिला असता तर किती वाचवत होता, हे शेजारी मांडल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. १५ लाखांच्या पगारावर नव्या कररचनेनुसार, ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून, २०२५-२६ साठी त्याला सेससह ९७,५०० रुपये आयकर बसतो. मूळ पगार सहा लाख असेल तर पीएफचा त्याचा वाटा ७२,०००. व्यवसाय कर २,५००. हातात १३ लाख २८ हजार. वाकडला वन-बीएचके, दुचाकी, डबा, शनिवार-रविवार धरून महिना ५०,००० खर्च केला तर वर्षाअखेर ७ लाख २८ हजार उरतात.

म्हणजे परदेशी जाण्याने बचतीत खरी भर पडते ती पाच लाख नऊ हजारांची. दरमहा साधारण ४२,००० रुपये. ऑफर लेटरच्या शेजारी लिहून ठेवावा असा आकडा हाच.

अर्थात, चोख हिशोब करणारा लगेच विचारेल की पुण्यातला पीएफ कुठे गेला? तो धरायलाच हवा. त्याचे ७२ आणि कंपनीचे ७२, असे १ लाख ४४ हजार दर वर्षी साठतात. मग जर्मनीत निवृत्तिवेतनासाठी कापलेले ५,०२२ युरोही धरावे लागतील, म्हणजे आणखी पाच लाख. इथे घाई करू नये, कारण हे पैसे पीएफसारखे नाहीत. पाच वर्षे, म्हणजे साठ महिने हप्ते भरले तर जर्मन निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, पण प्रत्यक्ष पैसे सुरू होतात सदुसष्टाव्या वर्षी. साठ महिने व्हायच्या आत युरोपीय संघाच्या बाहेर कायमचे परतले तर साधारणपणे दोन वर्षे थांबून परताव्याचा अर्ज करता येतो. मिळतो तो फक्त आपला वाटा, कंपनीचा नाही, आणि त्यावर व्याज नाही. म्हणून या रकमेला बचतीत न मिसळता वेगळ्या ओळीत ठेवणे शहाणपणाचे. चार वर्षांत परतायचा बेत असेल तर ते उशिरा मिळणारे वीस लाख आहेत. पाच वर्षे उलटली की ते म्हातारपणचे छोटेसे जर्मन पेन्शन. अठ्ठावन्नाव्या महिन्यात परतायचे की बासष्टाव्या, यावर काही जण गंभीरपणे खल करतात, त्याचे कारण हे आहे.

वरचा सगळा हिशोब स्थिरावलेल्या वर्षाचा झाला. पहिले वर्ष वेगळेच असते. जर्मन कायद्याने घरमालक काल्टच्या तिपटीपर्यंत अनामत घेऊ शकतो, म्हणजे २,२५० युरो. हे पैसे परत मिळतात, पण घर सोडल्यावर. ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे, नव्याने आलेल्याला तो बहुधा ठाऊक नसतो. पहिले दोन महिने तात्पुरत्या सजवलेल्या खोलीत जातात आणि ती नेहमीच्या घरापेक्षा महाग पडते. नंतर हक्काचे घर मिळते तेव्हा आत शिरल्यावर धक्का बसतो. स्वयंपाकघर म्हणून जी खोली आहे तिच्या भिंतीतून नळाचे दोन पाइप आणि शेगडीची वायर बाहेर आलेली, बाकी काही नाही. ओटा नाही, सिंक नाही, कपाटे नाहीत. कित्येकदा छताला दिवेही नसतात, कारण आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर आणि दिवे सोबत घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत स्वयंपाकघर बसवलेले असल्याचा उल्लेख नसेल तर ते नाही असे समजावे. जुने विकत घेतले तरी ओटा, पलंग, गादी, हिवाळी जाकीट, बूट, व्हिसा आणि पदवीच्या मूल्यांकनाची फी मिळून ४,००० युरो सहज जातात.

१२,३७२ मधून हे चार हजार आणि अडकलेली अनामत वजा केली की पहिल्या वर्षी मोकळे उरतात सहा हजार एकशे बावीस युरो. सहा लाख बारा हजार रुपये. पुण्यात उरत होते त्याहून लाखभराने कमी! परदेशी गेलेल्या मुलाने पहिल्या वर्षी घरी फारसे काही पाठवले नाही म्हणून आईवडिलांनी त्याच्यावर संशय घेऊ नये.

पहिल्या वर्षाला एक दिलासा आहे. जुलैत रुजू झालेल्याचा कर दरमहा असा कापला जातो, जणू तो पूर्ण वर्षभर कमावणार आहे. करमुक्त मर्यादा मात्र, २०२५ मध्ये १२,०९६ युरो, पूर्ण वर्षाची मिळते. त्यामुळे विवरणपत्र भरले तर बऱ्यापैकी परतावा येतो. स्थलांतराचा काही खर्चही त्यात दाखवता येतो. आधीच्या महिन्यांतले भारतातले उत्पन्न कराचा दर ठरवताना विचारात घेतले जाते, म्हणून परतावा गणकयंत्राने सांगितल्यापेक्षा कमी येऊ शकतो. विवरणपत्र भरण्याची सक्ती नसेल तर ते चार वर्षांपर्यंत मागाहून भरता येते. पावत्या तेवढ्या जपाव्यात.

पगार बदलला की बचत त्याच प्रमाणात बदलते, हा आणखी एक समज. मान्यता मिळवून नव्याने रुजू झालेल्या कामगाराचा किंवा नर्सचा पगार महिना ३,००० युरो धरू. ब्रुटो एक तृतीयांशाने कमी झाला. त्यावर कर कमी बसतो, म्हणून नेटो २,०५२ येतो. पण घरमालक पगार पाहून भाडे ठरवत नाही. खर्च १,७३६ वरच राहिला तर महिन्याला ३१६ युरो उरतात आणि भारतवारी वजा केल्यावर वर्षाला २,५९२. पगार एक तृतीयांशाने घटला तर बचत जवळजवळ चार पंचमांशाने घटली. याच जागी भाड्याचा निर्णय निर्णायक ठरतो. तिघाचौघांत मिळून घेतलेल्या घरातली एक खोली ५५० युरोंना मिळाली तर वर्षाला ४,८०० युरो वाचतात आणि बचत ७,३९२ वर जाते. कमी पगाराच्या ऑफरमध्ये कंपनी किंवा रुग्णालय सुरुवातीला राहायची खोली देते का, या एका प्रश्नाचे मोल पगारातल्या दोनशे युरोंच्या वाढीपेक्षा जास्त आहे.

कुटुंब आले की चित्र पुन्हा पालटते, आणि बऱ्याचदा ज्या दिशेने अपेक्षित नसते त्या दिशेने. समजा आपला ४,५०० युरोंचा अभियंता विवाहित आहे, तीन वर्षांची मुलगी आहे आणि पत्नी तिथे सुरुवातीला नोकरी करत नाही. त्याला कराचा तिसरा वर्ग मिळतो आणि आयकर ६६३ वरून साधारण ३२० वर येतो. निपुत्रिकाची जादा कपात जाते. सरकारी आरोग्य विम्यात पत्नी आणि मुलगी फुकट समाविष्ट होतात. मुलीचा भत्ता २५५ युरो. सगळे मिळून महिन्याला जवळजवळ ३,४९५ युरो हातात येतात. हे लाभ मात्र कुटुंब जर्मनीत राहत असेल तरच. लग्न झालेला पण बायको-मुलगी पुण्यातच ठेवून गेलेला माणूस पहिल्याच वर्गात राहतो आणि त्याला मुलीचा भत्ताही मिळत नाही. ‘आधी मी जातो, वर्षभराने तुम्ही या’ असे ठरवणाऱ्या घरांत हिशोब नेमका इथे चुकतो.

खर्चाच्या बाजूला दोन खोल्यांच्या घराचे वार्म भाडे १,४०० युरो. वीज-इंटरनेट ११०, रेडिओ आकार १८, दोन मासिक तिकिटे ११६, किराणा ५५०, बाहेरचे आणि किरकोळ २५०, पाळणाघर २००, कपडे वगैरे १२०. पाळणाघराची फी गावागावाला वेगळी असते. बर्लिनमध्ये जेवणाचा छोटा आकार सोडला तर ती नाही, स्टुटगार्टच्या पट्ट्यात आहे. तिघांच्या भारतवारीचे महिन्याला २०० बाजूला ठेवले की खर्च २,९६४ होतो. शिल्लक ५३१, वर्षाला ६,३७२ युरो. सहा लाख सदतीस हजार रुपये.

आता पुणे. पत्नीला तिथे हातात महिना ५०,००० रुपये मिळत असतील आणि घरखर्च ९५,००० असेल, तर हे कुटुंब पुण्यात वर्षाला ७ लाख ८८ हजार वाचवत होते. स्टुटगार्टला जाऊन बचत दीड लाखाने घटली. चोपन्न लाखांचे पॅकेज असूनही! पत्नीने तिथे महिना ५५६ युरोंपर्यंतची ‘मिनीजॉब’ धरली, २०२५ ची मर्यादा तेवढी होती, तर फुकट विमा टिकतो आणि वर्षाची बचत जवळजवळ दुप्पट होते. तिला आपल्या क्षेत्रात पूर्ण वेळ काम मिळाले तर गोष्टच वेगळी. त्यासाठी बहुतेक ठिकाणी जर्मन भाषा लागते आणि ती शिकायला वर्ष-दीड वर्ष जाते. म्हणून दोन पगारांच्या घराने बचतीचा अंदाज बांधताना दुसरा पगार किती महिने बंद राहील, हा आकडा सगळ्यात आधी लिहावा.

शिल्लक भारतात आणताना तीन ठिकाणी ती झिजते. मोबाइलवर दिसणारा विनिमय दर बँकांच्या आपसातला असतो, ग्राहकाला बँक त्याहून कमी देते. हा फरक दीड टक्का असला तरी १२,३७२ युरोंवर अठरा हजार रुपयांहून जास्त होतात, म्हणून ‘फी शून्य’ या जाहिरातीपेक्षा खात्यात नेमके किती रुपये पडतील ते विचारावे. दुसरे, भाव हलतो. २०१५ मध्ये सत्तरीच्या आसपास असलेला युरो २०२५ च्या सुरुवातीला नव्वदच्या घरात होता आणि त्याच वर्षी शंभराच्या पुढे गेला. नव्वदने धरले तर आपल्या अविवाहित अभियंत्याची बचत ११ लाख १३ हजार होते. पुण्यात गृहकर्जाचा हप्ता चालू असणाऱ्याने अंदाज नव्वदनेच बांधावा.

तिसरी झीज कराची. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर तो अनिवासी ठरतो आणि त्याच्या जर्मन पगारावर भारतात कर लागत नाही. एप्रिलपासून मोजले तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. ऑक्टोबरमध्ये गेलेल्याला त्या वर्षीचा जर्मन पगार भारतातल्या विवरणपत्रातही दाखवावा लागतो. दुहेरी करातून सवलत मिळते, पण कागदपत्रे वाढतात. उलट बाजूचा गैरसमज त्याहून जास्त पसरलेला आहे. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असते, म्हणून ते सगळीकडे करमुक्त समजले जाते. जर्मनीत राहणाऱ्याचे जगभरातले व्याज जर्मन कराच्या कक्षेत येते. एकट्या माणसाला वर्षाला १,००० युरोंपर्यंत सूट आहे, त्यापुढे पंचवीस टक्के कर आणि त्यावर अधिभार. पहिली दोन वर्षे हे लागू होणार नाही. चाळीस लाखांची ठेव झाली की होईल.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी कंपनीच्या माणसाला तीन गोष्टी मेलवर विचाराव्यात: पगार बारा महिन्यांचा की तेरा, स्थलांतराचा खर्च किती देणार, आणि पहिले तीन महिने राहण्याची सोय कोण करणार. त्याच संध्याकाळी त्या गावातल्या प्रत्यक्ष घरांच्या पाच जाहिराती उघडून त्यांतले वार्म भाडे वहीत उतरवावे. आपले पुण्यातले किंवा नागपूरचे गेल्या बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट शेजारी ठेवावे. एवढे झाल्यावर मामांना आकडा कळवायला हरकत नाही.